फोटोतल्या गणितातून कमाल आणि किमान किंमत कशी काढायची

परीक्षा जवळ आली की माझ्या व्हॉट्सअॅपवर गणितांचे फोटो यायला लागतात. परवा एका बारावीच्या विद्यार्थिनीने पाठवलेला फोटो नेहमीसारखाच होता. पान वाकलेलं, एका बाजूला हाताची सावली आणि मधोमध एक ओळ. सोबत प्रश्न होता, "सर, दुसऱ्या टेस्टने शून्य येतंय. मग तिथे कमाल की किमान?"

ती ओळ अशी होती:

```
f(x) = 3x⁵ − 5x³ + 2
```

नव्याने शिकणाऱ्याने हेच एक गणित नीट सोडवून बघावं, असं मला वाटतं. यात एका ठिकाणी कमाल आहे, एका ठिकाणी किमान आहे, आणि एका ठिकाणी डेरिव्हेटिव्ह शून्य असूनही दोन्ही नाहीत. त्यामुळे दोन्ही कसोट्या का शिकवतात, हे याच्यातच उलगडतं. आपण फोटोपासून सुरुवात करू आणि उत्तरापर्यंत जाऊ.

आधी गणित वहीत उतरवा

फोटो समोर ठेवून थेट डेरिव्हेटिव्ह काढायला घेऊ नका. आधी गणित स्वतःच्या अक्षरात वहीत लिहा. फोटोत सगळ्यात जास्त दगा देतो तो घात. वर लिहिलेला बारीक 5 धूसर फोटोत 3, 6 किंवा 8 सारखा दिसतो. वजाचं चिन्ह पानाच्या घडीत हरवतं. फोटो मोठा करून पाहिला तरी कधी कधी तो आणखी पुसट होतो, एवढंच.

अशा वेळी गणितच मदतीला येतं. समजा पहिला घात मी 3 वाचला. मग ओळ 3x³ − 5x³ + 2 अशी होईल. पण हे दोन्ही सजातीय पदं आहेत, त्यांची वजाबाकी करून −2x³ लिहिता आलं असतं. पुस्तकात कुणी ते तसंच ठेवणार नाही, म्हणजे वाचण्यात चूक आहे. समजा दुसरा घात 2 वाचला, तर ओळ 3x⁵ − 5x² + 2 होते. तिचा डेरिव्हेटिव्ह 15x⁴ − 10x, आणि तो शून्य करायला गेलं की x³ = 2/3 येतं. घनमूळ काढत बसावं लागेल. पाठ्यपुस्तकातल्या सरावाच्या गणितात असं सहसा नसतं.

आता 5 आणि 3 हे घात धरून बघा. सहगुणक आणि घात यांचा गुणाकार पहिल्या पदात 3 × 5 = 15 आणि दुसऱ्या पदात 5 × 3 = 15. गणित रचणाऱ्याने आकडे मुद्दाम असे निवडलेत, की डेरिव्हेटिव्हमधून 15 सहज बाहेर काढता यावा. हा जुळून आलेला आकडा म्हणजे फोटो बरोबर वाचल्याची चांगली खूण. पक्का पुरावा मात्र नव्हे. शंका राहिली तर पुन्हा फोटो मागवावा, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट फोटोत बहुतेक वेळा सुटते, ती म्हणजे गणिताच्या वरची सूचना. सरावसंचात वर एकदाच लिहिलेलं असतं, की काय काढायचं आणि x कुठून कुठपर्यंत घ्यायचा. खाली पाच-सहा उपप्रश्न असतात आणि मुलं फक्त आपल्या अडलेल्या उपप्रश्नाचा फोटो काढतात. याच फोटोतही तेच झालं होतं. त्याकडे शेवटी येऊ, कारण त्याने उत्तर पार बदललं.

पहिला डेरिव्हेटिव्ह आणि तो शून्य कुठे होतो

डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या बिंदूपाशी आलेख किती चढतो किंवा उतरतो याचं माप. तो धन असेल तर डावीकडून उजवीकडे जाताना आपण घाट चढतोय, ऋण असेल तर उतरतोय. घाटमाथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार सुरू झालेला नसतो. तिथे चढ शून्य. दरीच्या तळाशीही तसंच. म्हणून कमाल-किमान शोधायची तर आधी डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतो ते पाहायचं. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या गतीबद्दल याच धर्तीचं निरीक्षण आहे: मध्यम स्थानापासूनचा फरक जिथे सर्वांत जास्त असतो, तिथे त्या फरकातला बदल शून्य होतो.

आपल्या गणितात:

```
f'(x) = 15x⁴ − 15x²
      = 15x²(x² − 1)
      = 15x²(x − 1)(x + 1)
```

हा शून्य होतो x = −1, x = 0 आणि x = 1 ला. यांना क्रिटिकल पॉइंट म्हणतात.

इथे एक चूक मी वर्षानुवर्षं पाहतोय. मुलं 15x⁴ = 15x² असं लिहितात आणि दोन्ही बाजूंना 15x² ने भागून x² = 1 काढतात. हाती −1 आणि 1 येतात, 0 मात्र नाहीसा होतो. x ने भागताना आपण x शून्य नाही असं गृहीत धरलेलं असतं, आणि नेमकी तीच शक्यता तपासायची होती. या गणितात 0 ला कमाल-किमान नसल्यामुळे उत्तर योगायोगाने बरोबर येईल. पण x⁴ − 2x² घ्या. त्याचा डेरिव्हेटिव्ह 4x³ − 4x. तिथे 4x ने भागलंत, तर 0 जातो आणि त्याच्यासोबत 0 वरची कमालही जाते. म्हणून भागू नका. सगळं एका बाजूला आणा आणि अवयव पाडा.

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी

आता तीन बिंदू आहेत, पण कुठला माथा आणि कुठला तळ हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह काढायचा:

```
f''(x) = 60x³ − 30x

f''(−1) = −60 + 30 = −30
f''(1)  =  60 − 30 =  30
f''(0)  =   0
```

नियम असा: क्रिटिकल पॉइंटवर f'' ऋण आला तर तिथे कमाल, धन आला तर किमान. म्हणजे −1 ला कमाल आणि 1 ला किमान.

हा नियम बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटा बसतो. धन म्हणजे वर, वर म्हणजे कमाल, असं मन आपोआप जुळवतं. पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेतलं तर गोंधळ होत नाही. x = 1 च्या आसपास चढाचे आकडे बघा:

```
f'(0.9) ≈ −2.31
f'(1)   =  0
f'(1.1) ≈  3.81
```

आधी उतार, मग सपाट, मग चढ. म्हणजे आपण खाली गेलो, तळ गाठला आणि वर निघालो. हा तळ आहे, म्हणून किमान. आता त्या आकड्यांकडेच बघा. −2.31 वरून 0 आणि तिथून 3.81, म्हणजे चढाचा आकडा वाढत चालला आहे. चढ वाढतोय की कमी होतोय हेच तर f'' सांगतो. वाढतोय म्हणून तो धन. वाटीसारखा आकार असेल तर f'' धन, पालथ्या वाटीसारखा असेल तर ऋण. परीक्षेत विसरलात तर x² आठवा. त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह 2, म्हणजे धन, आणि x² चा आलेख तळाशी टेकलेला असतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

उरला x = 0. तिथे f'' शून्य आला, आणि विद्यार्थिनी इथेच अडली होती. तिच्यासारखे पुष्कळ जण इथे दोनपैकी एक चूक करतात. काही जण लिहितात, "f'' = 0 आहे, म्हणून कमालही नाही आणि किमानही नाही." काही जण लिहितात, "f'' = 0 आहे, म्हणून हा इन्फ्लेक्शन पॉइंट आहे." दोन्ही वाक्यं चूक आहेत, उत्तर जुळलं तरीही. f'' शून्य आला याचा अर्थ एवढाच, की ही कसोटी इथे काही सांगू शकत नाही. x⁴, −x⁴ आणि x³ ही तीन फंक्शन्स घ्या. तिघांचा पहिला डेरिव्हेटिव्हही 0 ला शून्य आणि दुसराही शून्य. तरी x⁴ ला तिथे किमान आहे, −x⁴ ला कमाल आहे आणि x³ ला दोन्ही नाहीत. एकाच शून्यामागे तीन वेगवेगळी उत्तरं असतील, तर त्या शून्यावरून निर्णय करता येत नाही.

पहिल्या डेरिव्हेटिव्हची कसोटी

अशा वेळी मागे वळून f' कडे यायचं. ही कसोटी थोडी लांब वाटते, पण ती अडत नाही. क्रिटिकल पॉइंटच्या डावीकडे आणि उजवीकडे f' चं चिन्ह काय आहे, एवढंच बघायचं. धनाचं ऋण झालं, तर चढून उतरलो, म्हणून कमाल. ऋणाचं धन झालं, तर उतरून चढलो, म्हणून किमान. चिन्ह बदललंच नाही, तर दोन्ही नाही.

वहीत एक आडवी रेघ मारा, तिच्यावर −1, 0, 1 मांडा. रेषेचे चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यातून एक सोयीचा आकडा घ्या आणि f' मध्ये ठेवा. लक्षात असू द्या, f मध्ये नाही, f' मध्ये. घाईत हीच चूक होते. मी −2, −1/2, 1/2 आणि 2 घेतले:

```
f'(−2)   =  180      (+)
f'(−1/2) = −45/16    (−)
f'(1/2)  = −45/16    (−)
f'(2)    =  180      (+)
```

खरं तर आकडेही काढायची गरज नव्हती. f' चे अवयव 15x²(x² − 1) असे आहेत. 15x² कधीच ऋण होत नाही, तेव्हा चिन्ह ठरतं ते फक्त (x² − 1) वरून. x हा −1 आणि 1 च्या मध्ये असेल तर ते ऋण, बाहेर असेल तर धन. अवयव पाडून ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

आता रेषेवर डावीकडून उजवीकडे चिन्हं वाचा: +, −, −, +. −1 ला धनाचं ऋण झालं, म्हणून कमाल. 1 ला ऋणाचं धन झालं, म्हणून किमान. दुसऱ्या कसोटीने जे सांगितलं त्याच्याशी हे जुळलं. आणि 0 ला? आधीही ऋण, नंतरही ऋण. आलेख उतरत आला, क्षणभर सपाट झाला आणि पुन्हा उतरत गेला. घाटातला एखादा सपाट टप्पा असावा तसा. तिथे कमालही नाही, किमानही नाही.

मग सारखं पहिलीच कसोटी का वापरू नये? वापरली तरी काही बिघडत नाही. दुसरी कसोटी जलद आहे. बहुपदी असेल आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह सहज निघत असेल, तर मी आधी दुसरीच लावतो, आणि शून्य आलं की पहिलीकडे वळतो. पण f' मध्ये भागाकार असेल, छेद मोठा असेल, तर दुसरा डेरिव्हेटिव्ह काढण्यात पानभर आकडेमोड होते आणि चुका वाढतात. तिथे थेट चिन्हांची रेघ मारलेली बरी.

एक जागा अशीही आहे, जिथे दुसरी कसोटी लावताच येत नाही. समजा फोटोत x चा घात अपूर्णांक आहे, x^(2/3). त्याचा डेरिव्हेटिव्ह:

```
f'(x) = 2 / (3 ∛x)
```

हा शून्य कधीच होत नाही, पण x = 0 ला अस्तित्वातच नसतो. अशी जागाही क्रिटिकल पॉइंटच असते, फक्त मूळ फंक्शन तिथे असलं पाहिजे. इथे f(0) = 0 आहे. डावीकडे f' ऋण, उजवीकडे धन, म्हणून 0 ला किमान. तिथे आलेखाला टोक आहे, गोलाई नाही, त्यामुळे f'' विचारण्यात अर्थ नाही. फोटोच्या बाबतीत हे उदाहरण फसवं आहे. वरचा 2/3 पुसट असेल तर तो x²/3 असा वाचला जातो, आणि त्यालाही 0 लाच किमान आहे. शेवटचं उत्तर मागच्या पानाशी जुळतं, पण सगळ्या पायऱ्या वेगळ्याच गणिताच्या असतात. त्यामुळे केवळ उत्तर जुळलं म्हणून फोटो बरोबर वाचला असं समजू नये.

कुठे आणि किती

मूळ गणिताकडे येऊ. x = −1 ला कमाल आहे, हे झालं "कुठे". प्रश्नात कमाल किंमत विचारली असेल तर "किती" सांगावं लागतं, आणि ती मूळ f मध्ये ठेवून मिळते:

```
f(−1) = −3 + 5 + 2 = 4
f(1)  =  3 − 5 + 2 = 0
```

कमाल किंमत 4, किमान किंमत 0. ऋण संख्येचा विषम घात ऋणच राहतो, तेव्हा −1 चा पाचवा घात −1 आणि −5 × (−1) म्हणजे +5. चिन्हाची चूक झाली तर नेमकी याच जागी होते. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर आजूबाजूचे दोन बिंदू काढून बघा. f(−0.9) साधारण 3.87 येतो आणि f(−1.1) साधारण 3.82. दोन्ही 4 पेक्षा कमी, म्हणजे माथा खराच आहे. x = 0 ला हेच करा. f(−0.1) साधारण 2.005 आणि f(0.1) साधारण 1.995. f(0) = 2 त्यांच्या मध्ये पडतो. एक बाजू वर, एक बाजू खाली, म्हणून कमालही नाही, किमानही नाही. परीक्षेत हे लिहायचं नसतं, पण घरी अभ्यास करताना उत्तर खरं आहे का ते कळायला याहून सोपी रीत नाही.

मी एवढं सगळं तिला लिहून पाठवलं. ती म्हणाली, "सर, पण मागे उत्तरात 58 आणि −54 दिलंय."

मी तिला पूर्ण पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. वरच्या सूचनेत लिहिलं होतं, की दिलेल्या अंतरालात निरपेक्ष कमाल आणि किमान किंमत काढा, आणि या उपप्रश्नासमोर उजव्या कडेला [−2, 2] छापलेलं होतं. पहिल्या फोटोत तेवढाच भाग कापला गेला होता.

आपण काढलेल्या 4 आणि 0 या स्थानिक किमती आहेत. स्थानिक म्हणजे आपल्या आसपासच्या सगळ्यांपेक्षा मोठी किंवा लहान, एवढंच. गावातली टेकडी गावात सगळ्यात उंच असते, जिल्ह्यात असेलच असं नाही. x ला कुठलीही मर्यादा नसती, तर या फंक्शनला निरपेक्ष कमाल किंवा किमान नसतीच, कारण x मोठा होत गेला की x⁵ चं पद f ला हवं तितकं वर नेतं, आणि ऋण बाजूला हवं तितकं खाली. अंतराल दिलं की मात्र दोन्ही किमती नक्की मिळतात, कारण हे फंक्शन सलग आहे आणि अंतरालाची दोन्ही टोकं त्यात धरलेली आहेत.

अशा गणितात कसोट्या लावायची गरजच पडत नाही. अंतरालातले क्रिटिकल पॉइंट आणि दोन टोकं, एवढ्या ठिकाणची किंमत काढायची आणि त्यातली सर्वांत मोठी व सर्वांत लहान निवडायची. टोकांवर डेरिव्हेटिव्ह सहसा शून्य नसतो, म्हणून ती यादीत येत नाहीत आणि विसरली जातात. इथे तर उत्तर टोकांवरच होतं.

```
f(−2) = −96 + 40 + 2 = −54
f(−1) =   4
f(0)  =   2
f(1)  =   0
f(2)  =  96 − 40 + 2 =  58
```

निरपेक्ष कमाल 58, x = 2 ला. निरपेक्ष किमान −54, x = −2 ला. पुस्तकातलं उत्तर बरोबर होतं, आणि तिचं x = 0 पर्यंतचं कामही बरोबर होतं. कंसातले दोन आकडे मात्र फोटोच्या बाहेर राहिले होते.